सभेची पहिली तीन मिनिटे

भाद्रपद सरत आला की बिबवेवाडीत सामूहिक क्षमापनेचे मंडप उभे राहतात. भवानी पेठ आणि नाना पेठेतला भुसार बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला, तशी व्यापारी कुटुंबेही पेठांतले वाडे सोडून हळूहळू या बाजूला राहावयास आली. आज येथील एकेका सोसायटीत मारवाडमधून आलेले ओसवाल, गुजरात-कच्छमधून आलेले बांधव आणि सांगली-कोल्हापूरकडील मराठीभाषक दिगंबर कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. वर्षभर प्रत्येकाचे मंदिर वेगळे, स्थानक वेगळे, उपाश्रय वेगळा. क्षमापनेच्या दिवशी मात्र हे सगळे एका मंडपात येतात. श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला झालेली असते, दिगंबरांचे दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला पूर्ण होते, आणि त्यानंतरच्या एखाद्या रविवारी सकल समाज एकत्र बसतो.

अशा सभेच्या प्रारंभी कोणीतरी उभे राहून स्वागताचे चार शब्द बोलावयाचे असतात. हे काम बहुधा अध्यक्षांच्या, नाहीतर एखाद्या निवृत्त माणसाच्या वाट्याला येते. ते सोपे समजले जाते, म्हणूनच ते अनेकदा बिघडते. सभेचा हेतू वैर मिटविण्याचा, आणि प्रारंभीच्या शब्दांनीच नवे वैर रुजावे, असे घडू शकते. कोणाचे नाव राहिले, कोणाचे नंतर घेतले गेले, कोणत्या पंथाच्या महाराजांना कोणत्या शब्दांनी वंदन केले, याची आठवण लोक पुढच्या पर्युषणापर्यंत ठेवतात. म्हणून या पहिल्या तीन मिनिटांचा विचार येथे थोडा सविस्तर करावयाचा आहे.

तीनच मिनिटे का?

व्यापारी वाचकांना हिशेबाची भाषा जवळची, म्हणून आधी हिशेबच मांडतो. समजा, मंडपात पंधराशे माणसे आहेत आणि सभेनंतर स्वामीवात्सल्य आहे. सप्टेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्यास्त साधारण साडेसहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन आणि पाणी त्यापूर्वी आटोपले पाहिजे. पाचशेंची एक पंगत धरली तर तीन पंगती होतात. प्रत्येकीला पंचवीस मिनिटे लागली, तर एकूण पंचाहत्तर मिनिटे झाली. पहिली पंगत पाचला बसली, तर तिसरी सव्वासहाला उठते. हाताशी उरतात पंधरा मिनिटे.

आता सभा साडेतीनला सुरू होऊन पाचला संपावयाची आहे, असे धरू. या नव्वद मिनिटांत मंगलाचरण, स्वागत, प्रवचन, तपस्वींची अनुमोदना, अध्यक्षांचे मनोगत आणि प्रत्यक्ष क्षमापना बसवावयाची असते. स्वागतासाठी तीन मिनिटे ठेवली होती आणि वक्ता अठरा मिनिटे बोलला, तर हाताशी राखलेली पंधरा मिनिटे तेथेच संपली. पुढे कोणीही एक शब्द जास्त बोलला, तरी त्याची किंमत तिसऱ्या पंगतीला मोजावी लागते.

आणि तिसऱ्या पंगतीत कोण असते? पहिल्या दोन पंगतींना वाढणारे कार्यकर्ते, महिला मंडळाच्या भगिनी आणि गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबलेली वयस्क मंडळी. म्हणजे स्वागत लांबले, तर ज्यांनी सेवा केली त्यांनाच सूर्याकडे पाहत घास घ्यावा लागतो, किंवा न जेवता उठावे लागते. भाषणात सर्वांचे स्वागत करावयाचे आणि त्याच भाषणाने सेवेकऱ्यांचे ताट हिरावून घ्यावयाचे, ही विसंगती आपल्या समाजात तरी घडू नये. घाई न करता बोलताना मिनिटाला शंभर-एकशे दहा मराठी शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत सुमारे तीनशे शब्द, फूलस्केप कागदाच्या एका बाजूवर मावतील इतके. कागद उलटावा लागला, तर मजकूर जास्त झाला असे समजावे.

नमस्कार कोणाला, आणि कोणत्या क्रमाने?

सभेला उद्देशून बोलण्याचा सर्वांत जुना आदर्श आपल्या परंपरेतच आहे. समवसरणाच्या वर्णनात बारा परिषदा सांगितल्या आहेत. देव, मानव आणि तिर्यंच असे सर्व जीव तेथे येतात आणि प्रत्येकाला देशना आपापल्या भाषेत उमगते. श्वेतांबर परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. देशना सुरू करण्यापूर्वी तीर्थंकर स्वतः तीर्थाला, म्हणजे संघाला, नमस्कार करतात. ज्याने मार्ग दाखविला तोच, ज्यांना मार्ग दाखवावयाचा त्यांच्या संघापुढे आधी नम्र होतो. व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले, तर त्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि शब्द मऊ होतात.

संघ हा चतुर्विध आहे : साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. संबोधनाची ही चार पदरी चौकट आयती मिळालेली आहे, आणि तिच्याबाहेर कोणी उरत नाही. येथे चारांपैकी दोन स्थाने स्त्रियांची आहेत. तरीही आपल्या व्यासपीठांवर अध्यक्ष, विश्वस्त, कार्याध्यक्ष, नगरसेवक, उद्योजक अशी नावांची माळ ओवून झाल्यावर शेवटी ‘आणि जमलेल्या माता-भगिनी’ असे म्हटले जाते. मंडपात निम्म्याहून अधिक त्याच बसलेल्या असतात. चतुर्विध संघाचा क्रम धरला, की ही उणीव वेगळी भरून काढावी लागत नाही.

साधू-साध्वींच्या बाबतीत शब्दांची निवड काटेकोर हवी. त्यांचे ‘स्वागत’ करीत नाहीत, त्यांना वंदन करतात. स्वागत पाहुण्यांचे. त्याचप्रमाणे त्यांचे ‘आभार’ मानीत नाहीत, कृतज्ञता व्यक्त करतात. श्वेतांबर साधु-साध्वींपुढे ‘मत्थएण वंदामि’ म्हणण्याची रीत आहे, तर दिगंबर मुनिराजांना ‘नमोस्तु’ आणि आर्यिका माताजींना ‘वंदामि’ म्हणतात. व्यासपीठावर दोन्ही परंपरांचे संत विराजमान असतील, तर दोन्ही वंदने आपापल्या शब्दांत व्हावीत. एकाच्या पद्धतीत दुसऱ्याला गुंडाळणे हे प्रेमाने केले, तरी खटकते. पूज्यांची नावे, पदव्या आणि सोबतच्या ठाण्यांची संख्या आदल्या दिवशीच संघाच्या कार्यालयातून लिहून आणावी. ‘आदि ठाणा पाच’ म्हणावयाचे आणि समोर सात साध्वीजी बसलेल्या असावयाच्या, हे केवळ न विचारल्यामुळे घडते.

आणखी एक सूचना. शहरातल्या इतर समारंभांचे साचे येथे जसेच्या तसे चालत नाहीत. साधु-साध्वींच्या सान्निध्यात सचित्त फुलांचे हार, पुष्पगुच्छ आणि दीपप्रज्वलन टाळण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळली जाते. तेव्हा दुसऱ्या कार्यक्रमाची संहिता हाती घेऊन ‘दीपप्रज्वलनाने आपण प्रारंभ करू’ असे बोलून बसणे वक्त्याला आणि संघाला, दोघांनाही अडचणीचे होते. स्थानकवासी परंपरेत पूज्यांपुढे बोलताना श्रावकही मुखापुढे रुमाल धरतो. ध्वनिवर्धकाजवळ तसे बोलताना अक्षरे दबतात, म्हणून घरी तालीम करतानाही रुमाल धरूनच करावी. तपस्वी समोर बसलेले असतात, कोणाची अठ्ठाई नुकतीच झालेली असते, कोणाचे मासक्षमण चालू असते. त्यांच्यासमोर प्रारंभीच भोजनाच्या रुचकरपणाचे वर्णन करू नये, हे सांगावयास नको.

शिकागोतील दोन प्रारंभ

मोठ्या सभेला पहिल्या वाक्यात जिंकण्याचे उदाहरण म्हणून सर्वजण शिकागोच्या सर्वधर्म परिषदेकडे बोट दाखवितात, आणि ते योग्यच आहे. ११ सप्टेंबर १८९३ हा परिषदेचा पहिला दिवस. हजारो श्रोते सकाळपासून औपचारिक भाषणे ऐकत होते. स्वामी विवेकानंदांनी आपली पाळी अनेकदा पुढे ढकलली आणि अखेर दुपारी ते उभे राहिले. त्यांनी अमेरिकेच्या भगिनींना आणि बंधूंना साद घातली, आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या सादेत विद्वत्ता नव्हती. इतरांनी सभेला ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ म्हणून नमस्कार केला होता, त्यांनी नाते सांगितले. त्या नात्यातही भगिनी आधी आल्या.

परंतु त्याच दिवशी त्याच व्यासपीठावर आपल्या समाजाचाही एक तरुण बोलला होता, हे आपल्याच घरांत पुष्कळांना ठाऊक नसते. ते वीरचंद राघवजी गांधी. जन्म १८६४, गाव सौराष्ट्रातील महुवा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. परिषदेचे निमंत्रण खरे तर आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज, यांना होते. साधु-मर्यादेमुळे त्यांना समुद्रपार जाणे शक्य नव्हते. त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून वीरचंदजींना पाठविले. त्या वेळी ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

स्वागताला दिलेल्या त्यांच्या उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. आपण लांब भाषण करून सभेला त्रास देणार नाही, हे त्यांनी आधी सांगितले. मग आपण भारतातून आलो आणि जैन धर्माचे प्रतिनिधित्व करतो, हे सांगितले. धर्माची ओळख दोन-तीन वाक्यांत उरकली. तो प्राचीन आहे, आणि त्याचे अनुयायी शांतताप्रिय व कायदा पाळणारे आहेत. त्यानंतर त्यांनी आपल्या समाजाच्या वतीने आणि ज्यांनी पाठविले त्या आत्मारामजींच्या वतीने स्वागताबद्दल धन्यवाद दिले. सर्व धर्मांचे विचारवंत एका व्यासपीठावर यावेत, हे आत्मारामजींच्या आयुष्याचे स्वप्न होते असे सांगून, ते साकार केल्याबद्दल त्यांनी यजमानांचे अभिनंदन केले, आणि ते थांबले.

पाच पायऱ्या झाल्या : वेळेचे वचन, स्वतःची ओळख, कोणाच्या वतीने बोलतो ते, कृतज्ञता आणि यजमानांच्या श्रमांचा गौरव. त्यात स्वतःची स्तुती नाही. धर्माचे तत्त्वज्ञान सांगण्याचा मोह होणे स्वाभाविक होते, कारण त्यासाठीच ते इतक्या दूर गेले होते. पण ती वेळ त्याची नव्हती. ते विवेचन त्यांनी परिषदेच्या पुढील दिवसांसाठी राखून ठेवले. प्रारंभाने दार उघडावे, घरातले सगळे सामान दारात आणून मांडू नये, हा त्यांचा विवेक होता. विवेकानंदांची साद हे प्रतिभेचे काम आहे, ते मागून मिळत नाही. वीरचंदजींची रचना मात्र आपल्यापैकी कोणालाही शिकता येते, म्हणून आपल्या कामाला तीच अधिक उपयोगी.

लय : नवकाराकडून आणि मराठीकडून

लयीसाठी शायरी शोधत फिरण्याची गरज नाही. सभा ज्या मंत्राने सुरू होते त्याच्याकडेच नीट पाहावे. नवकाराची पहिली पाच पदे एकाच शब्दाने सुरू होतात आणि एकाच नादावर संपतात. त्यांची अक्षरे मोजली, तर अनुक्रमे सात, पाच, सात, सात आणि नऊ, अशी पस्तीस भरतात. म्हणजे प्रारंभ समान, शेवट समान, मापे जवळजवळची, आणि अखेरचे पद सर्वांत लांब. त्या लांब पदात लोकातील सर्व साधू सामावतात. मोठ्या समुदायाला उद्देशून बोलण्याचा नियम यातच आहे. सारख्या सुरुवातीची चार-पाच छोटी वाक्ये घ्यावीत, आणि शेवटचे वाक्य थोडे मोठे करून त्यात उरलेल्या सर्वांना सामावून घ्यावे. कानाला पुढचे वाक्य कसे येणार याची चाहूल लागते आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही एखादा शब्द हुकला तरी अर्थ सापडतो.

मंत्र सामूहिक म्हणताना एक दक्षता घ्यावी. कुठे पाच पदांवर थांबण्याची रीत आहे, तर कुठे नऊ पदे म्हणतात. ‘आपण सर्वजण नऊ पदांचा नवकार म्हणू या’ असे आधी सांगितले नाही, तर निम्मी सभा थांबते आणि निम्मी पुढे जाते. सभेचा पहिलाच सूर असा दुभंगला, की तो जुळावयास वेळ लागतो.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि नकारही शेवटीच येतो. बोलणाऱ्याचा श्वास मात्र वाक्याच्या शेवटी संपत आलेला असतो. ‘आज या मंडपात कोणी परका नाही’ हे वाक्य घ्या. शेवटचा ‘नाही’ आवाजात बुडाला, तर मागे बसलेल्याला ‘आज या मंडपात कोणी परका’ एवढेच ऐकू येते, आणि कोण बरे तो, म्हणून तो शेजाऱ्याकडे पाहू लागतो. त्यापेक्षा ‘आज या मंडपात सगळे आपले’ असे म्हणावे. ज्या वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दावर लटकलेला आहे, ते वाक्य मोठ्या सभेत टाळावे किंवा उलटून घ्यावे.

मंडपाचाही विचार करावयास हवा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठापासून साठ मीटरवरच्या माणसाला पुढच्या कर्ण्याचा आवाज सेकंदाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. त्याच्याजवळ दुसरा कर्णा असेल, तर त्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. भरभर बोलणाऱ्याचे शब्द तेथे एकमेकांवर चढतात. असे होत आहे का, हे ओळखणे सोपे आहे. ‘जय जिनेंद्र’ म्हटल्यावर पुढून उत्तर आले आणि मागून आले नाही, किंवा मागचे लोक माना वळवून कर्ण्याकडे पाहू लागले, तर समजावे की तेथे शब्द पोहोचत नाहीत. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही. दोन वाक्यांतील विराम वाढवावा.

नावांचा प्रश्न

येथेच बहुतेक स्वागते घसरतात. दात्यांची नावे घेणे हे कर्तव्यच आहे, कारण मंडप, भोजन आणि ध्वनिव्यवस्था त्यांच्या द्रव्यावर उभी असते. पण तीन मिनिटांत पन्नास नावे मावत नाहीत, आणि पंचवीस घेतली तर उरलेल्या पंचवीस घरांत त्या रात्री तोच विषय होतो. त्यात सभा चालू असताना व्यासपीठावर चिठ्ठ्या येऊ लागतात. एक नाव जोडले, की त्याच्या शेजारचे राहिले असे कोणाला तरी वाटते.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, दात्यांची संपूर्ण यादी प्रवेशद्वाराशी फलकावर लावावी आणि सभेत तिचा एका वाक्यात सादर उल्लेख करावा. दुसरा, प्रारंभी पूज्य संत आणि त्या दिवशीचे अध्यक्ष यांखेरीज कोणाचेही नाव न घेण्याचा ठराव समितीने आधी लेखी करावा. नियम सर्वांना सारखा असला, की कोणाचा मान कमी होत नाही. तिसरा, चिठ्ठी आलीच तर ती प्रारंभी न वाचता आभारप्रदर्शन करणाऱ्याकडे द्यावी. तेथे सवड असते.

याहून नाजूक बाब संकेतांची आहे. मंडपात भागीदारी तुटलेले दोघे बसलेले असतात, वाटणीवरून बोलणे थांबलेले भाऊ असतात, लग्नाच्या बोलणीत दुखावलेली दोन कुटुंबे असतात. सगळ्यांना ते ठाऊक असते. त्यांच्याकडे नजर टाकून ‘आज काही जणांनी तरी मन मोठे करावे’ असे बोलणे म्हणजे सभेसमोर त्यांचा निवाडा करणे होय. क्षमा मागण्याचे त्यांचे पाऊल त्यामुळे पुढे पडण्याऐवजी मागे सरकते, कारण आता ते पाऊल दहा जणांच्या दडपणाने टाकले असे दिसेल. आधीच ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून मोकळे होण्याची घाईही स्वागत करणाऱ्याने करू नये. ते शब्द सभेचे आहेत, श्वेतांबरांचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ आणि दिगंबरांची ‘उत्तम क्षमा’ दोन्ही, आणि ते त्यांच्या वेळी सर्वांच्या मुखातून यावेत. प्रारंभाने फक्त इतके करावे, की वैर असलेले दोघेही ‘आपल्याला येथे बोलावले आहे’ असे समजून निवांत बसतील.

एक नमुना

वरील सर्व गोष्टी ध्यानात घेऊन बिबवेवाडीतील सकल समाजाच्या क्षमापनेसाठी एक नमुना पुढे देत आहे. पूज्यांची नावे आणि ठाणे त्या त्या वेळी भरावेत.

‘जय जिनेंद्र.

(थांबावे. मागच्या रांगेतून उत्तर येऊ द्यावे.)

व्यासपीठावर विराजमान पूज्य साधु-भगवंतांना आणि साध्वी-भगवंतांना मत्थएण वंदामि. पूज्य मुनिराजांना नमोस्तु. पूज्य आर्यिका माताजींना वंदामि. आदरणीय अध्यक्ष, श्राविका भगिनींनो आणि श्रावक बंधूंनो,

मी आपली तीनच मिनिटे घेणार आहे. सकल संघाच्या वतीने मी येथे उभा आहे.

आपण आलात, दुकानाचे शटर लवकर ओढून आलात. आपण आलात, घरचे आवरून, मुलांची बोटे धरून आलात. आपण आलात, तपाने थकलेल्या शरीराने, काठीच्या आधाराने आलात. आपण आलात, आणि आपल्याबरोबर ज्यांच्या हातांनी हा मंडप उभा राहिला, ज्यांच्या हातांनी चूल पेटली आणि ज्यांच्या हातांनी आज वाढले जाणार आहे, ते सगळेही या सभेचेच झाले.

आपले कोणाचे आजोबा मारवाडातून आले, कोणाचे कच्छमधून, कोणाचे कृष्णाकाठच्या शेतांतून. बोली वेगवेगळी, पूजेची रीत वेगवेगळी. पण क्षमा मागताना आपण सगळे सारखेच हात जोडतो.

या सभेसाठी ज्यांनी द्रव्य दिले, त्यांची नावे प्रवेशद्वारी आदराने लिहिली आहेत. ज्यांनी वेळ दिला, त्यांची नावे फलकावर मावली नसती. दोघांनाही संघाचे वंदन.

आता पूज्य गुरुदेवांची वाणी ऐकू या. त्यानंतर एकमेकांकडे वळू या. आणि सूर्य मावळण्याआधी, हलक्या मनाने, एकाच पंगतीत बसू या.

जय जिनेंद्र.’

हे भाषण शब्दांत मोजले तर दीडशेच्या आत-बाहेर आहे. विराम, पूज्यांची नावे आणि सभेचे उत्तर धरले, की तीन मिनिटे होतात. ‘आपण आलात’ हे शब्द चार वेळा आले आहेत, आणि चौथ्या वेळी वाक्य मुद्दाम लांबविले आहे. त्या लांब वाक्यात हमाल, आचारी, मंडपवाले आणि ध्वनिवर्धक सांभाळणारा मुलगाही आला. मार्केट यार्डाच्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको, की वर्षभरात सर्वांत जास्त कठोर शब्द आपण याच माणसांना बोललेलो असतो. क्षमापनेत त्यांचा समावेश सौजन्यापोटी करावयाचा नसतो, तो हिशेबाचाच भाग आहे.

दुसरे, वैर, भांडण, दुरावा हे शब्द नमुन्यात कोठेच नाहीत. ‘एकमेकांकडे वळू या’ एवढेच आहे. ज्याला वळावयाचे आहे त्याला ते पुरते, आणि ज्याचे मन अजून तयार नाही त्याच्यावर बोट रोखले जात नाही. तिसरे, एकही वाक्य नकारावर संपत नाही, अपवाद फक्त ‘मावली नसती’ हा. तेथे आवाज शेवटपर्यंत टिकवावा, नाहीतर ज्यांनी वेळ दिला त्यांची नावे फलकावर आहेत असे समजून कोणी शोधावयास जाईल.

तालीम दोनदा करावी. एकदा घरी घड्याळ लावून, रुमाल धरून. दुसऱ्यांदा सभेच्या दिवशी, मंडप रिकामा असताना, ध्वनिवर्धकावर. त्या वेळी घरातल्या कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवावे आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला का, एवढेच विचारावे. बाकी स्तुती त्याच्याकडून घेऊ नये. मंडप माणसांनी भरला, की आवाज आणखी शोषला जातो. रिकाम्या मंडपात जे जेमतेम ऐकू आले, ते भरल्या मंडपात ऐकू येणार नाही, असे धरूनच चालावे.